एका चाचणीत गुण एकदम घसरले: खरी घसरण ओळखायची कशी?

सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला माझा दहावीच्या गणिताचा संध्याकाळचा वर्ग आहे. मुलं ४२. बहुतेकांचे वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात कामाला, बऱ्याच जणांच्या आया घरी विड्या वळतात. दर शनिवारी ५० गुणांची चाचणी होते आणि रविवारी सकाळी माझ्यापुढे ४२ नवे आकडे येतात. त्यातल्या कोणत्या मुलाला सोमवारी बाजूला बोलावून "काय झालं रे?" असं विचारायचं, हा प्रश्न मला बरीच वर्षं नीट सुटला नव्हता. ज्याचे गुण सगळ्यात कमी त्याला बोलवावं, तर तो नेहमीच कमी मिळवणारा निघायचा. मागच्या वेळेपेक्षा १० गुणांनी घसरला त्याला बोलवावं, तर तो पेपरच अवघड गेलेला असायचा आणि सगळेच घसरलेले असायचे.

आता मी प्रत्येक मुलाची त्याच्या स्वतःच्या जुन्या गुणांवरून एक खालची मर्यादा काढतो. नवा आकडा त्या मर्यादेखाली गेला तरच थांबतो. ही पद्धत मूळ कारखान्यातली आहे. १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी नियंत्रण आलेखाची कल्पना मांडली. आपल्याकडच्या माणसाला ती समजायला कठीण नाही. एकाच मागावरून उतरलेले दोन टर्किश टॉवेल वजनाला तंतोतंत सारखे नसतात, दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतातच. तेवढ्यासाठी जॉबर माग थांबवत नाही. वजन रोजच्या चढउताराच्या पलीकडे गेलं, तरच तो हातातलं काम टाकून मागाकडे जातो. मुलाच्या गुणांतही रोजचा चढउतार असतोच. तो किती, हे मोजून काढायचं आणि त्याच्या बाहेरचं काही दिसलं तर कारण शोधायचं.

आधी पेपरचा अवघडपणा वजा करा

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं गणित वाया जातं, म्हणून इथे जरा थांबतो.

मुलाचे गुण दोन गोष्टींमुळे हलतात. एक तर तो स्वतः, आणि दुसरा माझा पेपर. मला मुलाबद्दल जाणून घ्यायचंय, पेपरबद्दल नाही. त्यासाठी प्रत्येक चाचणीत वर्गाचा मध्यक काढायचा आणि मुलाच्या गुणांतून तो वजा करायचा. मध्यक म्हणजे सगळ्यांचे गुण चढत्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधे येणारा आकडा. सरासरी घेऊ नका. तीन-चार मुलांनी पेपर जवळजवळ कोराच दिला, तर सरासरी उगाच खाली येते. मध्यक फारसा हलत नाही.

मुलाचे गुण वजा वर्गाचा मध्यक, याला मी नुसतं "अंतर" म्हणतो. अंतर अधिक ८ म्हणजे ते मूल वर्गाच्या मधल्या मुलापेक्षा ८ गुणांनी पुढे. उणे असलं तर मागे. कमी गुणांच्या मुलाचं अंतर कायम उणे असलं तरी काही बिघडत नाही, कारण त्याची तुलना त्याच्याच जुन्या अंतरांशी होणार आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीचे जूनपासूनचे दहा आकडे देतो. तिला इथे श्रावणी म्हणूया, नाव बदललं आहे.

| चाचणी | गुण | मध्यक | अंतर | उडी |
|---|---|---|---|---|
| १ | ३८ | २९ | ९ | – |
| २ | ३५ | ३१ | ४ | ५ |
| ३ | ४१ | ३३ | ८ | ४ |
| ४ | ३१ | २४ | ७ | १ |
| ५ | ३९ | २८ | ११ | ४ |
| ६ | ३६ | ३० | ६ | ५ |
| ७ | ४० | ३१ | ९ | ३ |
| ८ | ३० | २५ | ५ | ४ |
| ९ | ४२ | ३२ | १० | ५ |
| १० | ३८ | २७ | ११ | १ |

सातव्यानंतर आठवी चाचणी पाहा. गुण ४० वरून ३० वर आले. घरी आईने वही बघितली असती तर बोलणी बसली असती. पण मध्यकही ३१ वरून २५ वर उतरला होता. अंतर ९ चं ५ झालं, इतकंच. दहातले सहा गुण पेपरने नेले होते.

मर्यादा काढणे

शेवटच्या रकान्यातली "उडी" म्हणजे लागोपाठच्या दोन अंतरांमधला फरक, वर असो की खाली, चिन्ह सोडून. दहा चाचण्यांच्या नऊ उड्या होतात. त्यांची बेरीज ३२, म्हणजे सरासरी उडी ३.५६. दहा अंतरांची बेरीज ८०, सरासरी ८.

आता सरासरी उडीला २.६६ ने गुणायचं. हा आकडा मनाने घेतलेला नाही. प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप. चढउतार नेहमीसारखा असेल तर सरासरी उडी ही प्रमाण विचलनाच्या १.१२८ पट येते. आपल्याला सरासरीपासून तीन प्रमाण विचलनं खाली जायचंय, म्हणून ३ भागिले १.१२८, म्हणजे २.६६. श्रावणीसाठी ३.५६ गुणिले २.६६ हे ९.४६ होतात. ८ मधून ९.४६ वजा केले की उणे १.४६. ही तिची खालची मर्यादा. एखाद्या चाचणीत ती वर्गाच्या मध्यकापेक्षा दोन गुणांनी जरी मागे पडली, तरी तिच्या बाबतीत ते नेहमीचं नाही, असा याचा अर्थ.

एक मर्यादा उडीलाही असते. सरासरी उडी गुणिले ३.२६७. तिच्यासाठी ११.६. म्हणजे एका आठवड्यात अंतर १२ गुणांनी पडलं तर तेही विचारण्यासारखं.

गूगल शीटमध्ये एका मुलाला एक पान द्या. B रकान्यात गुण, C मध्ये मध्यक, दुसऱ्या ओळीपासून अकराव्या ओळीपर्यंत दहा चाचण्या, आणि बाराव्या ओळीत नवी.

```
D2:   =B2-C2
E3:   =ABS(D3-D2)
H1:   =AVERAGE(D2:D11)
H2:   =AVERAGE(E3:E11)
H3:   =H1-2.66*H2
H4:   =3.267*H2
F12:  =IF(OR(D12<H3, D11-D12>H4),"बोला","")
```

D2 चं सूत्र D12 पर्यंत खाली ओढायचं, E3 चं E11 पर्यंत. H1 आणि H2 मध्ये बारावी ओळ येता कामा नये, हे डोळ्यांत तेल घालून पाहा. जिची परीक्षा घ्यायची तीच चाचणी मर्यादा ठरवायला बसली, तर ती स्वतःच स्वतःसाठी जागा करून घेते. मोठी घसरण सरासरीला खाली ओढते, उडी फुगवते आणि मर्यादा इतकी खाली जाते की घसरण बिनबोभाट आत बसते.

मूल गैरहजर असेल तर शून्य मांडू नका. त्या मुलाच्या पानावरून ती ओळच काढून टाका. एका खोट्या शून्यामुळे दोन मोठ्या उड्या तयार होतात आणि ते मूल पुढचे दोन-अडीच महिने कितीही घसरलं तरी शीट गप्प राहतं. माझ्या शीटमध्ये पहिल्या वर्षी झालेली सगळ्यात महागडी चूक हीच होती.

अकरावी चाचणी

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी श्रावणीला २७ गुण पडले. नुसता आकडा पाहिला असता तर मी पुढे गेलो असतो. तिला आधी ३० मिळाले होते, ३१ मिळाले होते, त्यात २७ काही वेगळे दिसत नाहीत. मी मुद्दाम नुसत्या गुणांवरूनही मर्यादा काढून पाहिली. गुणांची सरासरी ३७, सरासरी उडी ६.६७, खालची मर्यादा १९.३. म्हणजे २७ गुण त्या हिशोबाने सहज आत होते. पेपर कधी सोपा तर कधी अवघड, या गोंधळाने मर्यादा इतकी खाली गेली होती.

पण त्या शनिवारी पेपर सोपा होता. मध्यक ३३ होता. २७ वजा ३३, अंतर उणे ६. मर्यादा उणे १.४६. मागचं अंतर ११ होतं, म्हणजे उडी १७ गुणांची, मर्यादा ११.६. दोन्हीकडून शीटने "बोला" म्हटलं.

"बोला" आलं म्हणून मी लगेच मुलाशी बोलत नाही. आधी पेपर पुन्हा काढतो. पहिलं काम बेरीज तपासणं. पान उलटायचं राहिलं, आतल्या पानावरचे गुण बाहेर धरले नाहीत, असं होतं, आणि तसं असेल तर चूक माझी, मुलाला कळायचंही कारण नाही. बेरीज बरोबर निघाली तर गुण कुठे गेले ते बघायचं. शेवटचे प्रश्न कोरे आहेत का? मग वेळ पुरला नाही, उशिरा आला किंवा लवकर उठला. सगळीकडे अर्धवट लिहून सोडलंय का? मग मन पेपरात नव्हतं, झोप झाली नसेल, घरी काही असेल. एकाच धड्याचे प्रश्न गेलेत का? मग त्या आठवड्यात तो धडा शिकवताना मूल नव्हतं किंवा समजला नाही.

श्रावणीच्या पेपरात यातलं काहीच नव्हतं. एकही प्रश्न कोरा नाही, अक्षर नेहमीचं, पायऱ्या नेटक्या. तरी चार-चार गुणांचे तीन प्रश्न मी लाल शाईने सरळ खोडलेले. एक प्रश्न होता x² − 8x + 15 = 0 सोडवा. साधे अवयव पाडायचे, ३ आणि ५ उत्तरं. तिने विवेचक काढला होता. b² − 4ac = 36 − 60 = −24, आणि खाली स्वच्छ लिहिलं होतं, "मुळे वास्तव संख्या नाहीत." त्या २४ कडे मी बराच वेळ बघत बसलो. ३६ हा ६ चा वर्ग. म्हणजे तिने गणित चुकवलं नव्हतं. तिने x² − 6x + 15 = 0 हे समीकरण सोडवलं होतं, आणि ते अगदी बरोबर सोडवलं होतं. बाकीच्या दोन प्रश्नांतही तेच, एका ठिकाणी ३ चा ८ झालेला, दुसरीकडे एक उणे चिन्ह गायब.

त्या शनिवारी लाईट नव्हती. झेरॉक्सचं दुकान बंद, म्हणून पेपर मी फळ्यावर लिहिला होता. आधीच्या दहाही चाचण्या छापील कागदावर झाल्या होत्या. आणि दोनच आठवड्यांपूर्वी, उंच आहे, मागच्यांना दिसत नाही, म्हणून मी तिला दुसऱ्या बाकावरून शेवटच्या बाकावर बसवलं होतं.

सोमवारी तिला थांबवलं. गुणांचा विषय काढला नाही. शेवटच्या बाकावर बसवून फळ्यावर पाच आकडे लिहिले आणि वाचायला सांगितले. तिने डोळे बारीक केले. तीन बरोबर सांगितले, दोन चुकीचे. मग खाली बघून म्हणाली, "सर, आठ आणि सहा मला तिथून एकसारखेच दिसतात. मला वाटलं सगळ्यांनाच तसं दिसतं."

तिच्या आईला बोलावून डोळे तपासून घ्यायला सांगितलं. चष्मा लागला. त्या तीन प्रश्नांचे १२ गुण तिच्या २७ मध्ये मिळवले तर ३९ होतात, अंतर ६. तिच्या नेहमीच्या चढउतारात चपखल बसणारं.

हा आकडा शीटमध्ये ठेवायचा का?

इथे बरेच जण चुकतात, म्हणून माझा नियम सांगतो. घसरणीचं कारण नेमकं सापडलं आणि ते दूर झालं, तरच तो आकडा मर्यादेच्या हिशोबातून वगळायचा. श्रावणीचा उणे ६ मी वगळला, पण ओळ पुसली नाही, रंगवून बाजूला कारण लिहून ठेवलं. कारण सापडलं नाही तर आकडा आत राहतो, मग मर्यादा थोडी सैल झाली तरी चालेल. आवडत नाही म्हणून आकडे वगळत गेलात, तर मर्यादा इतकी आवळली जाते की पुढे प्रत्येक साधी घसरण धोक्याची वाटायला लागते.

तीन जागा, जिथे ही पद्धत फसते

पहिली, सतत सुधारणारं मूल. समजा दहा चाचण्यांत एखाद्याचं अंतर उणे ४ पासून हळूहळू अधिक ८ पर्यंत चढलं: −४, −३, −१, ०, १, ३, ४, ५, ७, ८. सरासरी २, सरासरी उडी फक्त १.३३, खालची मर्यादा उणे १.५५. अकराव्या चाचणीत अंतर एकदम ० झालं तर? ते मर्यादेच्या वरच आहे, कारण सरासरी अजून त्याच्या जून-जुलैतल्या दिवसांत अडकलेली आहे. पण उडी ८ गुणांची आहे आणि उडीची मर्यादा ४.३६. सूत्रात दोन अटी ठेवल्यात त्या यासाठीच. उडीऐवजी शीटचं STDEV वापरून तीन प्रमाण विचलनं घेतली असती, तर त्याच मुलाची मर्यादा उणे १०.२५ आली असती, कारण STDEV त्याची चढण हाच चढउतार समजतं. असं चढणारं मूल दिसलं की मी जुन्या चाचण्या सोडून अलीकडच्या सहा-सातांवरून मर्यादा पुन्हा काढतो.

दुसरी, वरच्या टोकाची मुलं. ज्याला नेहमी ४८-४९ मिळतात, त्याला वर जायला जागाच नाही. पेपर सोपा निघाला आणि मध्यक ४४ वर गेला, की त्याचं अंतर नेहमीच्या १७ वरून ५ वर येतं, आणि शीट ओरडतं. मुलाने ४९ मिळवलेले असतात! म्हणून मध्यक ४० च्या वर गेला तर त्या चाचणीवरून मी कुणालाही बोलावत नाही.

तिसरी जागा मला खरोखर त्रास देते. काही मुलांचे गुण मुळातच झोके खातात. सरासरी उडी ८ असेल तर मर्यादा सरासरीच्या २१ गुण खाली जाते आणि एवढं घसरेपर्यंत शीट काही बोलत नाही. अशा मुलाच्या बाबतीत विचारण्याची गोष्ट एखादी घसरण नसून तो झोकाच असतो. माझ्या वर्गात दर वर्षी अशी दोन-तीन मुलं निघतात. बऱ्याचदा रात्रपाळी नाहीतर मागावरची मदत त्यामागे असते. त्यांची पानं मी शीटवर सोडत नाही, स्वतः बघतो.

आणि हळूहळू होणारी घसरण ही मर्यादा पकडत नाही. अंतर लागोपाठ आठ वेळा सरासरीच्या खालीच राहिलं, तर एकही आकडा मर्यादेबाहेर नसला तरी त्या मुलाशी बोलावं.

मर्यादा आणखी वर का नको?

सहकारी विचारतात, तीनऐवजी दोनच प्रमाण विचलनं घ्या ना, लवकर कळेल. हिशोब करून पाहा. दोन घेतली तर काहीही झालेलं नसताना चाचणीत सुमारे २.३ टक्के मुलं नुसत्या योगायोगाने खाली जातात. ४२ च्या वर्गात दर आठवड्याला जवळपास एक. महिन्याभरात तुमचा शीटवरचा विश्वास उडतो आणि मुलांचा तुमच्यावरचा. तीन घेतली तर नुसत्या खालच्या मर्यादेमुळे वर्षाच्या ४० चाचण्यांत मिळून अशी दोन-तीन उगाचची बोलावणी व्हावीत. दहाच आकड्यांवरून मर्यादा काढल्यामुळे आणि उडीच्या अटीमुळे प्रत्यक्षात ती बरीच जास्त होतात, तरी दोन घेतल्यावर होतील त्यापेक्षा कमीच.

छोट्या चाचणीत योगायोग फारच मोठा होतो, हेही ध्यानात ठेवा. एकेका गुणाच्या २० प्रश्नांत ज्या मुलाला साधारण १४ येतात, त्याचे गुण नुसत्या नशिबाने दोन-दोन गुण इकडेतिकडे होतात. त्याला एखाद्या वेळी १० मिळाले तर त्यात शोधण्यासारखं काही नसतं. म्हणून सुरुवात ५० गुणांच्या, एकाच विषयाच्या, सारख्या धाटणीच्या चाचण्यांनी करा. दहा हव्यात. सहा-सातवर तात्पुरती मर्यादा काढता येते, पण तिच्या भरवशावर पालकांना बोलावू नका. वर्गात दहापेक्षा कमी मुलं असतील तर मध्यक काढताना त्या मुलाचे गुण बाजूला ठेवून बाकीच्यांचा काढा, नाहीतर तो स्वतःशीच तुलना करून घेतो.

शीट माझ्याच फोनवर असतं. मुलांना त्यांची मर्यादा मी सांगत नाही, भिंतीवर लावत नाही. श्रावणीला अजूनही माहीत नाही की तिच्या नावापुढे "बोला" आलं होतं. तिच्या लेखी, सरांनी एका सोमवारी सहज फळा वाचायला लावला.

बाराव्या चाचणीला ती चष्मा लावून पुन्हा दुसऱ्या बाकावर बसली होती. गुण ३८, मध्यक २९, अंतर ९. मर्यादा मी पहिल्या दहा चाचण्यांवरचीच ठेवली आहे. आणखी पाच चाचण्या झाल्या की पुन्हा काढीन, अकरावी सोडून.